सहावं पॅलेट गेलं कुठे?

चाकणचा एक लघुउद्योजक मोटारींसाठी लागणारे अचूक मापाचे सुटे भाग बनवतो आणि जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या कारखान्याला पाठवतो. जानेवारीच्या 5 तारखेला त्याने सहा पॅलेट रवाना केली. माल ट्रकने न्हावा शेवाजवळच्या कंटेनर फ्रेट स्टेशनवर, म्हणजे सीएफएसवर गेला. तिथे इतर निर्यातदारांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये भरला गेला आणि जहाजाने हॅम्बुर्गला पोचला. हॅम्बुर्गच्या गोदामात कंटेनर रिकामा झाला आणि दुसऱ्या ट्रकने माल श्टुटगार्टच्या दारात गेला. फेब्रुवारीच्या 28 तारखेला तिथे उतरली पाच पॅलेट.

उदाहरण कल्पित आहे आणि आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून धरले आहेत. पण निर्यातीच्या धंद्यात ज्यांचा थोडाफार वावर आहे त्यांना पुढचा प्रसंग तोंडपाठ असेल. ट्रकवाला म्हणतो, मी सहा उतरवली, ही बघा पोच. सीएफएस म्हणतं, आमच्या शेडमध्ये काही शिल्लक नाही. जहाज कंपनी म्हणते, आम्हाला सीलबंद कंटेनर मिळाला आणि आम्ही सीलबंदच दिला. हॅम्बुर्गचं गोदाम म्हणतं, आम्ही उघडला तेव्हा पाचच होती. ज्या फॉरवर्डरला सगळं काम सोपवलं होतं तो म्हणतो, मी तर फक्त मधला माणूस. या टोलवाटोलवीत निर्यातदाराने नेमका कोणाचा हात धरायचा?

उत्तर एका कागदावर असतं, आणि तो कागद माल निघाला त्याच आठवड्यात हातात आलेला असतो.

फॉरवर्डर दोन वेगवेगळ्या भूमिकांत काम करतो. पहिल्या भूमिकेत तो निर्यातदाराचा एजंट असतो. जहाजावर जागा राखणं, ट्रक ठरवणं, कस्टमची कामं करून देणं आणि त्याबद्दल आपला मेहनताना घेणं, एवढंच त्याचं काम. वाहतुकीचा करार निर्यातदार आणि प्रत्यक्ष वाहतूकदार यांच्यात होतो. माल हरवला तर फॉरवर्डर फक्त स्वतःच्या हलगर्जीपणासाठी जबाबदार ठरतो. उदाहरणार्थ, दिलेली सूचना पाळली नाही किंवा ट्रकवाला निवडताना काळजी घेतली नाही. बाकीच्यांशी भांडण निर्यातदाराचं.

दुसऱ्या भूमिकेत तो स्वतःच्या नावाने शब्द देतो, की चाकणला माल घेईन आणि श्टुटगार्टला पोचवीन. ट्रक आणि जहाज दुसऱ्यांचं असलं तरी निर्यातदाराच्या दृष्टीने वाहतूकदार तोच. कायदा त्याला मल्टिमोडल ट्रान्स्पोर्ट ऑपरेटर म्हणतो, धंद्यात त्याला नुसतं एमटीओ म्हणतात. त्याच्याकडे स्वतःचं एक चाकही नसेल, तरी सगळ्या टप्प्यांची जबाबदारी त्याची.

एकच कंपनी एका मालासाठी एजंट आणि दुसऱ्या मालासाठी एमटीओ असू शकते. त्यामुळे व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय याला अर्थ नाही. त्याने दिलेल्या हाउस बिलावर किंवा मल्टिमोडल ट्रान्स्पोर्ट डॉक्युमेंटवर वाहतूकदार म्हणून कोणाचं नाव आहे, सही 'वाहतूकदार म्हणून' केली आहे की 'अमुकचा एजंट म्हणून', आणि दारापासून दारापर्यंतचं भाडं एकगठ्ठा लावलं आहे की इतरांची बिलं दाखवून वर कमिशन घेतलं आहे, या तीन गोष्टी पाहाव्यात. वाद न्यायालयात गेला तर शोधही याच खुणांचा होतो. फॉरवर्डरने नुसती माल मिळाल्याची पावती दिली असेल, तर त्यातून पोचवण्याचा शब्द दिला असं होत नाही.

आपल्या निर्यातदाराकडे एमटीओने स्वतःच्या नावाने सही केलेलं डॉक्युमेंट आहे असं धरू. मग लागू होतो मल्टिमोडल ट्रान्स्पोर्टेशन ऑफ गुड्स अ‍ॅक्ट, 1993. भारतातून परदेशी जाणाऱ्या आणि एकाच करारावर दोन किंवा अधिक प्रकारच्या वाहनांनी जाणाऱ्या मालाला हा कायदा आहे. आयातीला तो लागू नाही. एमटीओला या कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि ती मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाकडे होते.

जगभरासाठी असा एकच कायदा असावा म्हणून संयुक्त राष्ट्रांनी 1980 मध्ये जिनिव्हात एक करार तयार केला होता. पण तो अमलात यायला 30 देशांची मान्यता हवी होती, ती कधी मिळाली नाही. म्हणून आजही समुद्राचा कायदा वेगळा, रस्त्याचा वेगळा, रेल्वेचा वेगळा. आपल्या 1993 च्या कायद्याने या सगळ्यांच्या वर एक छप्पर घातलं, पण आतल्या भिंती तशाच ठेवल्या. त्या भिंतींमुळेच पुढचा सगळा हिशेब गुंतागुंतीचा होतो.

कायद्याच्या कलम 13 चा फायदा मोठा आहे. माल एमटीओच्या ताब्यात असताना हरवला एवढं दाखवलं की निर्यातदाराचं काम झालं. कोणी, कुठे, कसा हरवला हे त्याने सिद्ध करायचं नाही. आपली, आपल्या नोकरांची किंवा आपल्या एजंटांची काही चूक नव्हती हे सिद्ध करण्याचं ओझं एमटीओवर आहे. चाकणला सहा दिली आणि श्टुटगार्टला पाच मिळाली, एवढे दोन सह्यांचे कागद इथे पुरतात. पॅलेट कुठे गेलं हेच ज्याला सांगता येत नाही, त्याला 'आमची चूक नव्हती' हे सिद्ध करणं अवघडच.

जबाबदारी ठरली, आता रक्कम. पॅलेटमध्ये 12 खोके होते. प्रत्येक खोका 20 किलोचा, म्हणजे पॅलेटचं वजन 240 किलो. खोक्याची किंमत 1 लाख 10 हजार, म्हणजे पॅलेटची 13 लाख 20 हजार रुपये. निर्यातदाराला वाटतं, एमटीओ जबाबदार आहे तर एवढे पैसे मिळतील. कायदा मात्र एमटीओच्या देण्याला कमाल मर्यादा घालतो. मालाची किंमत आधी जाहीर करून डॉक्युमेंटवर लिहून घेतलेली नसेल, तर ही मर्यादा लागते. इथे अनेकांची फसगत होते. इनव्हॉइसवर किंमत असते, शिपिंग बिलावर असते, मग आणखी जाहीर काय करायचं, असं त्यांना वाटतं. ती किंमत कस्टमसाठी आणि बँकेसाठी असते. एमटीओच्या डॉक्युमेंटमध्ये ती उतरली नसेल तर मर्यादा कायम राहते.

मर्यादा किती, हे माल कोणत्या टप्प्यावर हरवला ते कळलं आहे का, यावर अवलंबून आहे. टप्पा कळलाच नाही तर कलम 14 सांगतं : किलोमागे 2 एसडीआर किंवा नगामागे 666.67 एसडीआर, यांतली जी रक्कम जास्त असेल ती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे. डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड यांच्या मिश्रणातून त्याचा भाव ठरतो आणि तो बदलत राहतो. आपण 1 एसडीआर म्हणजे 120 रुपये धरू. मग एका नगाची मर्यादा होते 80 हजार रुपये.

पण नग म्हणजे पॅलेट की खोका? पॅलेट किंवा कंटेनरमध्ये अनेक नग भरलेले असतील, तर डॉक्युमेंटवर जेवढे नग मोजून लिहिले असतील तेवढे धरायचे, असं कायदा म्हणतो. डॉक्युमेंटवर नुसतं '6 पॅलेट, मोटारींचे सुटे भाग' असं असेल तर हरवला एक नग. नगाच्या हिशेबाने 80 हजार होतात, वजनाच्या हिशेबाने 57 हजार 600. जास्त ते घ्यायचं, म्हणजे 80 हजार. त्याच जागी '6 पॅलेट, प्रत्येकी 12 खोके, एकूण 72 खोके' असं लिहिलेलं असेल तर हरवले 12 नग आणि मर्यादा होते 9 लाख 60 हजार. माल तोच, चूक तीच, फरक 8 लाख 80 हजारांचा. तो फरक पडला बुकिंगच्या वेळी कोणीतरी नगांच्या रकान्यात काय भरलं यामुळे.

टप्पा कळला तर कलम 15 प्रमाणे त्या टप्प्याच्या वाहतुकीला जो कायदा लागू असेल त्याची मर्यादा लागते. समुद्रावर हरवलं असेल तर आपल्या समुद्री वाहतुकीच्या कायद्यातही 666.67 आणि 2 एसडीआर हेच आकडे आहेत, कारण 1993 मध्येच ते तिथे घातले गेले. म्हणजे फारसा फरक नाही. जर्मनीतल्या ट्रकवरून गेलं असेल तर तिथल्या रस्ते वाहतुकीची मर्यादा किलोमागे 8.33 एसडीआर आहे. 240 किलोचे सुमारे 2 लाख 40 हजार होतात, मग डॉक्युमेंटवर खोके मोजलेले असोत वा नसोत.

चाकण ते न्हावा शेवा या प्रवासात पॅलेट गेलं असं निघालं, तर आकडा आणखी घसरतो. आपल्या 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्याखालच्या 2011 च्या नियमांनुसार, जादा किंमत जाहीर करून जादा दर भरलेला नसेल तर ट्रान्स्पोर्टरची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपुरती आहे. सहा पॅलेटचं ट्रकभाडं 15 हजार धरलं तर एका पॅलेटच्या वाट्याला 2,500 येतात. दहा पट म्हणजे 25 हजार रुपये. हीच मर्यादा आपल्यालाही लागू होते, असा बचाव एमटीओ घेऊ शकतो. विदर्भातला निर्यातदार नागपूरहून रेल्वेने कंटेनर पाठवत असेल तर त्याने रेल्वेचाही आकडा माहीत करून घ्यावा. किंमत जाहीर केलेली नसेल तर रेल्वेची जबाबदारी किलोमागे 50 रुपये आहे, म्हणजे आपल्या पॅलेटसाठी 12 हजार.

आता या भांडणाचं खरं स्वरूप दिसतं. 13 लाखांच्या पॅलेटचे 25 हजारही मिळू शकतात, 2 लाख 40 हजारही आणि 9 लाख 60 हजारही. खोके मोजून लिहिलेले असतील तर ते कुठे हरवलं हे न कळणंच निर्यातदाराच्या फायद्याचं आहे. एमटीओला मात्र ते चाकणच्या ट्रकवरच हरवलं हे दाखवण्यात रस आहे. नगांच्या रकान्यात नुसती पॅलेट असतील तर गंमत उलटते. मग जर्मन ट्रकवर हरवल्याचं सिद्ध होणं निर्यातदाराला हवंसं वाटेल.

म्हणून हस्तांतराचे कागद एकेक करून वाचावे लागतात. माल जिथे जिथे एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तिथे तिथे मोजणी झालेली असते. आपल्या उदाहरणात ट्रान्स्पोर्टरच्या बिल्टीवर सहा पॅलेट आहेत. सीएफएसवर माल आत घेताना झालेल्या कार्टिंगच्या नोंदीतही सहा आहेत आणि खाली शेडच्या माणसाची सही आहे. ट्रकवाला सुटला आणि त्याबरोबर 25 हजारांचा बचावही गेला. त्यानंतरचा कागद म्हणजे स्टफिंगचा टॅली शीट. कंटेनर भरताना कोणत्या पार्टीचे किती नग आत गेले, हे त्यावर खुणा करून मोजलेलं असतं. हॅम्बुर्गला कंटेनर रिकामा करतानाही असाच टॅली होतो. दोन्ही टॅली शेजारी ठेवून आपल्या मालाची ओळ शोधायची.

त्याच वेळी सीलचा नंबर पाहायचा. न्हावा शेवाला लावलेल्या बोल्ट सीलचा नंबर आणि हॅम्बुर्गला कापलेल्या सीलचा नंबर एकच असेल आणि सील शाबूत असेल, तर समुद्राचा टप्पा जवळपास बाद होतो. नंबर वेगळा असेल तर मधे कंटेनर कोणी आणि का उघडला, हा प्रश्न उभा राहतो. जहाजावर चढण्याआधी कंटेनरचं प्रमाणित वजन कळवणं जुलै 2016 पासून जगभर सक्तीचं आहे. त्या वजनाची आत असायला हव्या असलेल्या मालाच्या बेरजेशी तुलना करता येते. मात्र 18 टनांच्या कंटेनरमध्ये 240 किलोंची तफावत वजनकाट्याच्या चुकीत किंवा ओल्या लाकडी पॅलेटांतही लपू शकते. म्हणून वजन हा संशयाला आधार आहे, पुरावा म्हणून एकटं पुरत नाही.

समजा, सील जुळतं, कार्टिंगला सहा आहेत, हॅम्बुर्गच्या टॅलीला पाच आहेत, पण न्हावा शेवाच्या स्टफिंग टॅलीवर आपल्या ओळीत खाडाखोड आहे. मग संशय दोन ठिकाणी उरतो : न्हावा शेवाची शेड आणि हॅम्बुर्गचं गोदाम. एका कंटेनरमध्ये अनेकांचा माल भरतात त्या एलसीएल वाहतुकीत पॅलेट बहुधा अशाच जागी हरवतं. ते शेडच्या कोपऱ्यात राहून जातं किंवा शेजारच्या कंटेनरमध्ये चढून भलत्याच बंदराला जातं. शेड म्हणजे रस्ता नव्हे, रेल्वे नव्हे, समुद्रही नव्हे. त्यामुळे कोणत्याच वाहनाचा कायदा नेमका बसत नाही आणि कलम 14 चीच मर्यादा लावा, असा युक्तिवाद निर्यातदाराला करता येतो. तेव्हा खोके मोजून लिहिले होते का, हा प्रश्न पुन्हा निर्णायक ठरतो.

रकमेइतकाच घात मुदती करतात. श्टुटगार्टच्या माणसाने पाच पॅलेट उतरवून घेताना 'सहा मिळाली' अशा छापील मजकुरावर सही केली, तर दावा तिथेच लंगडा होतो. उघड दिसणारी तूट माल ताब्यात घेतानाच लेखी कळवावी लागते. खोक्याच्या आतली तूट वरून दिसत नाही, तिच्यासाठी सहा दिवस मिळतात. एवढ्यात कळवलं नाही म्हणून दावा बुडत नाही. पण माल डॉक्युमेंटप्रमाणे पूर्ण मिळाला असं गृहीत धरलं जातं, आणि ते खोडण्याचं ओझं मग दावा करणाऱ्यावर येतं.

दावा न्यायालयात किंवा लवादापुढे नेण्याची मुदत आहे नऊ महिने. आपल्या उदाहरणात 28 नोव्हेंबर. सर्वसाधारण कराराच्या दाव्याला तीन वर्षं असतात आणि समुद्री दाव्याला एक वर्ष. हेच आकडे डोक्यात घेऊन निर्यातदार निवांत राहतो. ईमेलवर 'चौकशी चालू आहे' अशी उत्तरं येत राहतात आणि नऊ महिने उलटतात. चौकशी चालू असल्याने मुदत थांबत नाही. सगळाच माल बेपत्ता असेल तर ठरलेल्या किंवा वाजवी तारखेनंतर 90 दिवस वाट पाहून तो हरवला असं मानता येतं आणि नऊ महिने तिथून मोजले जातात.

एमटीओची कोंडीही समजून घ्यायला हवी. त्याला हे पैसे पुढे खऱ्या दोषी वाहतूकदाराकडून वसूल करायचे असतात. भारतीय ट्रान्स्पोर्टरवर दावा करायचा तर माल बुक केल्याच्या तारखेपासून 180 दिवसांत लेखी नोटीस लागते. 5 जानेवारीपासून मोजले तर 4 जुलै. निर्यातदाराने ऑगस्टमध्ये पहिली कडक नोटीस पाठवली, तर एमटीओचा ट्रकवाल्यावरचा हक्क आधीच गेलेला असतो आणि मग तो निर्यातदाराशी अधिक हट्टाने लढतो. लवकर दिलेली नोटीस म्हणूनच दोघांच्याही हिताची असते.

उरलेल्या पैशांचं काय? आपल्या हिशेबात सर्वांत चांगल्या स्थितीतही 13 लाख 20 हजारांपैकी 3 लाख 60 हजार मर्यादेच्या वर राहतात. पूर्ण किंमत डॉक्युमेंटवर जाहीर करून त्यासाठी जादा भाडं मोजणं हा एक मार्ग. व्यवहारात बहुतेक जण मालाचा सागरी विमा काढतात, गोदामापासून गोदामापर्यंतचा. विमा कंपनी पॉलिसीप्रमाणे भरपाई देते आणि निर्यातदाराच्या जागी उभी राहून एमटीओकडून वसुली करते. पण तिला मिळतो तो निर्यातदाराचाच हक्क, आहे तसा. तूट न नोंदवता सही केली किंवा नऊ महिने घालवले, तर वसुलीचा हक्क निर्यातदाराने घालवला असं म्हणत विमा कंपनी क्लेम अडवू शकते.

एमटीओ जाणूनबुजून किंवा नुकसान होणार हे माहीत असूनही बेफिकिरीने वागला, तर कलम 18 प्रमाणे त्याला मर्यादेचा आधार मिळत नाही. पण हे सिद्ध करणं फार अवघड आहे. हरवलेलं पॅलेट सापडतच नाही तेव्हा ते कोणाच्या बेफिकिरीने गेलं हे कसं दाखवणार? या कलमाच्या भरवशावर कोणी राहू नये.

निर्यातदाराने पुढचा माल पाठवण्याआधी डॉक्युमेंटचा मसुदा मागवून चार ठिकाणी बोट ठेवावं : वाहतूकदार म्हणून कोणाचं नाव आहे, सही कोणत्या नात्याने होणार आहे, एमटीओचा नोंदणी क्रमांक आहे का, आणि नगांच्या रकान्यात पॅलेटबरोबर खोक्यांची संख्या लिहिली आहे का. चौथी दुरुस्ती मसुदा मंजूर करण्याआधी फुकट होते, आणि आपल्या उदाहरणात तिची किंमत 8 लाख 80 हजार रुपये आहे.